हायब्रीड : खान्देशातल्या एका बियाण्याचा जमाखर्च

मराठीत ‘हायब्रीड’ हा शब्द कौतुकाने क्वचितच येतो. चार पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्या तरुणाला घरातले म्हातारे ‘हायब्रीड खाऊन वाढलेला’ म्हणतात. रंगरूप चांगले पण चव नसलेल्या टोमॅटोलाही तेच विशेषण मिळते. शास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून जन्मणारी पहिली पिढी आईबापांपेक्षा जोमदार असते, म्हणून तर संकर करायचा. मग जोमाचे नाव असलेला शब्द आपल्या भाषेत अशक्तपणाचे नाव कसा झाला? आजच्या या थ्रेडमध्ये त्या शब्दाच्या मागे जायचे आहे. वाट जळगाव-धुळ्याच्या काळ्या आणि हलक्या रानांतून जाते.

हरितक्रांती म्हटले की पंजाब, बुटका मेक्सिकन गहू आणि कालव्यांचे पाणी डोळ्यांसमोर येते. पाठ्यपुस्तकांनी तेच चित्र आपल्याला दिले आहे. खान्देशाची हरितक्रांती तशी नव्हती. ती पावसावरच्या रानात झाली, ज्वारी-बाजरीत झाली, आणि पाण्याची हमी नसताना झाली. तिचा हिशेब पंजाबच्या वहीत मांडता येत नाही.

ग्रंथालयातल्या एका योगायोगाचे मला नेहमी नवल वाटते. १९६० पर्यंत पूर्व आणि पश्चिम खान्देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दोन जिल्ह्यांची गॅझेटिअरे वेगवेगळ्या वर्षी निघाली. जळगावचे १९६२ साली आले, धुळ्याची सुधारित आवृत्ती १९७४ साली. भारतातील पहिली व्यापारी संकरित ज्वारी, सीएसएच-१, प्रसारित झाली १९६४ साली, आणि पहिली संकरित बाजरी, एचबी-१, त्याच्या पुढल्या वर्षी. म्हणजे शेजारच्या दोन जिल्ह्यांचे हे दोन ग्रंथ बियाण्याच्या दोन वेगळ्या युगांत उभे आहेत. मधल्या बारा वर्षांत काय घडले, हा आपला विषय.

आधी जुनी ज्वारी समजून घेऊ. खरिपाचे गावरान वाण उंच असत, माणसाच्या डोक्यावरून हातभर वर जाणारे. त्यांचे घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालत असे. जूनमध्ये पेरा की जुलैमध्ये, दिवस पुरेसे लहान झाल्याखेरीज ते कणीस काढत नसत. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेत दाणा भरून पिकत असे. शेकडो वर्षांच्या निवडीतून पीक आणि पावसाळा यांच्यात झालेला हा करारच होता. त्याची किंमत होती कमी उतारा. कोरडवाहू रानात एकरी तीन-चार क्विंटल म्हणजे बरे साल. शेतात जास्त खत टाकले तर ताट आणखी उंच होई, कणीस जड होई आणि वाऱ्याच्या एका झोतात पीक लोळत असे. जुन्या वाणाला भरपूर खत देणे म्हणजे आपल्याच हाताने पीक आडवे पाडणे.

हीच अडचण नव्या बियाण्याने सोडवली. सीएसएच-१ बुटकी होती, छातीच्या आसपास येणारी. ताट बुटके असल्याने नत्र पचवूनही ती उभी राहत असे. दिवसाच्या लांबीची ती वाट पाहत नव्हती. पेरल्यापासून सुमारे शंभर दिवसांत तयार होत असे. चांगला पाऊस आणि पुरेसे खत मिळाले तर एकरी आठ-दहा क्विंटल देण्याची तिची ताकद होती. शिवाय १९६५-६६ चा दुष्काळ ताजा होता. रेशनच्या दुकानांत अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो विकला जात होता आणि लोक तो नाक मुरडून खात होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी संकरित ज्वारी हा राज्याचा कार्यक्रम केला. १९६६ च्या खरिपापासून देशभर अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातही ज्वारी-बाजरी होतीच.

इथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्वारीच्या एकाच कणसात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, म्हणून मोठ्या प्रमाणावर संकर करायचा तर आधी परागच न धरणारी ‘नरवंध्य’ आई हवी. अशी आई १९५४ साली टेक्सासमधल्या संशोधकांना सापडली, ती मिलो आणि काफिर या दोन ज्वारींच्या संकरातून. नरवंध्यत्वाचा तो गुण आला होता मिलोकडून. म्हणजे रेशनच्या रांगेत ज्या मिलोला लोकांनी नावे ठेवली, त्याच मिलोच्या रक्तातून हायब्रीडची आई निपजली होती.

बियाणे तयार करण्याची रीत आजही तीच आहे. वेगळ्या राखलेल्या शेतात नरवंध्य आईच्या चार ओळी आणि शेजारी बापाच्या दोन ओळी अशी पेरणी होते. आसपास दोनशे मीटरपर्यंत दुसरी ज्वारी फुलू द्यायची नाही. आईच्या ओळींवर धरलेला दाणा म्हणजे संकरित बियाणे. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स, म्हणजे ‘महिको’, सुरू केली. राज्याचे बियाणे महामंडळ, ‘महाबीज’, १९७६ साली अकोल्यात उभे राहिले. शेतकऱ्याच्या बाजूने बदल एवढाच होता, पण तो मुळावरचा होता. आजवर सुगीत चांगली टपोरी कणसे निवडून घरातली बाई ती आढ्याला टांगून ठेवत असे आणि पुढल्या वर्षीचे बियाणे तिथेच असे. हायब्रीडचा दाणा असा ठेवून पेरला तर दुसऱ्या पिढीत गुण फुटतात. काही ताटे उंच, काही बुटकी, काही कणसे अर्धवट भरलेली. म्हणून दर मृगाला पिशवी विकत आणायची. बियाण्याची निवड बाईच्या हातून दुकानदाराच्या गल्ल्यावर गेली, आणि तिच्याबरोबर निवडीची जाणही हळूहळू गेली.

आता खताकडे येऊ. इथे एका एकराचा हिशेब मांडून पाहिला की सारे उलगडते. खरिपाच्या संकरित ज्वारीला हेक्टरी ८० किलो नत्राची शिफारस धरली तर एकराला ३२ किलो पडते. शेणखतात नत्राचे प्रमाण साधारण अर्धा टक्का असते. म्हणजे तेवढे नत्र शेणखतातून द्यायचे तर ६४०० किलो खत हवे. अर्ध्या टनाची बैलगाडी धरली तर तेरा गाड्या, तेही एकाच एकरासाठी. युरियात ४६ टक्के नत्र असते, तेव्हा तेच काम ७० किलो युरिया करतो. दीड पोते. तेरा गाड्यांचे काम डोक्यावर वाहता येईल एवढ्या ओझ्यात मावले, हे ज्यांनी उकिरडे उपसले होते त्यांना जादूसारखेच वाटले असणार. ट्रॉम्बेचा खतकारखाना १९६५ च्या सुमारास चालू झाला आणि ‘सुफला’ हे नाव गावागावांत पोहोचले.

पण शेणखत घरचे होते आणि युरिया रोखीचा. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीतून पीककर्ज मिळे, त्यातला काही भाग खताच्या रूपानेच हाती येई. अर्धे नत्र पेरणीबरोबर आणि उरलेले महिन्याभराने द्यायचे, अशी पद्धत. हा दुसरा हप्ता म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याचा जुगार होता. त्या आठवड्यात ओल असेल तर पीक हिरवेगार होते. पावसाने ओढ दिली तर वर पसरलेल्या युरियातले नत्र बरेचसे हवेत उडून जाते, पीक उपाशीच राहते आणि सोसायटीच्या खात्यावर रक्कम तशीच उभी राहते. कालव्याच्या पंजाबात हा धोका जवळजवळ नव्हता. तापीच्या खोऱ्यात तो दर वर्षीचा होता. त्यात १९७३ चे तेलसंकट आले आणि पुढल्या वर्षी युरियाचा सरकारी दर जवळपास दुप्पट झाला. ज्या बियाण्याला खताची सवय लावली होती, ते बियाणे आता महाग खत मागत होते.

उतारा मात्र वाढला होता, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. हायब्रीडला सरसकट नावे ठेवणाऱ्या आजच्या लिखाणात ही गोष्ट हलकेच गाळली जाते, ते मला पटत नाही. दोन एकरांत वर्षाचे धान्य न पिकणाऱ्या घरात पहिल्यांदा कणगी भरली, ही त्या घरासाठी लहान गोष्ट नव्हती. पण या बियाण्याच्या ज्या गुणांनी उतारा वाढवला, त्याच गुणांतून पुढचे नुकसान निघाले. किंमत बाहेरून कुणी लादली नव्हती. ती दाण्याच्या आतच होती.

पहिला गुण लवकर पिकण्याचा. जूनअखेर पेरलेली हायब्रीड सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला दाण्यावर येते. खान्देशातून परतीचा पाऊस नेमका तेव्हाच जातो. गावरान ज्वारी त्या दिवसांत अजून हिरवी असे, म्हणून पाऊस तिला मानवत असे. हायब्रीडच्या भरलेल्या, दाट, उघड्या कणसांवर मात्र तीन-चार दिवस रिपरिप झाली की दाण्यावर बुरशी चढते. आधी दाणा गुलाबी दिसतो, मग करडा, मग काळा. दाणा हलका होतो, दळल्यावर पीठ कडवट लागते आणि बाजारात व्यापारी हातात घेऊन ओंजळ परत ओततो. एकरी दहा क्विंटल पिकले खरे, पण काळे पिकले. ‘काळी पडलेली ज्वारी सरकारने खरेदी करावी’ ही मागणी पुढे महाराष्ट्राच्या राजकारणात पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिली. तिचे मूळ दिवसाची लांबी न मोजणाऱ्या त्या घड्याळात आहे. पीक आणि पावसाळा यांच्यातला जुना करार नव्या बियाण्याने मोडला होता.

उशिरा पेरून यातून सुटावे, तर तीही वाट बंद होती. उशिराच्या कोवळ्या रोपांवर खोडमाशी अंडी घालते, अळी पोंग्यात शिरते आणि मधला पोंगा वाळून हाताने उपटून येतो. सीएसएच-१ या माशीला फार लवकर बळी पडत असे. लवकर पेरा तर बुरशी, उशिरा पेरा तर माशी. पुढच्या सीएसएच-५, सीएसएच-९ या संकरांनी काही दोष कमी केले, पण पिकण्याच्या वेळी येणाऱ्या पावसाचा प्रश्न पुरता सुटला नाही.

दुसरा गुण बुटकेपणाचा. ज्वारी हे आपल्याकडे एक पीक नव्हते, दोन होते : दाणा माणसाचा आणि कडबा बैलाचा. कडबा शेकड्यावर विकला जाई आणि दुष्काळी सालात दाण्यापेक्षा त्याचीच राखण जास्त होई. बुटक्या ताटाने नत्र दाण्यात वळवले, म्हणजेच कडब्यातून काढून घेतले. जे थोडे ताट उरे तेही पावसात भिजून काळपट पडलेले असे. कडबा कमी म्हणजे जनावरे कमी, जनावरे कमी म्हणजे शेणखत कमी, आणि शेणखत कमी म्हणजे पुढल्या वर्षी युरियाचे पोते आणखी एक. गुरे कमी होण्याला गायराने आटणे आणि पुढे ट्रॅक्टर येणे हीही कारणे आहेत. तरी या साखळीची पहिली कडी ज्वारीच्या उंचीत आहे, असे माझे मत आहे.

तिसरी गोष्ट बाजरीची, आणि इथे आपल्याला जळगावच्या काळ्या रानातून धुळ्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीकडे जायला हवे. शिंदखेडा, साक्री या बाजूला खरिपाची मदार बाजरीवर. एचबी-१ पाठोपाठ आलेल्या संकरांत एचबी-३ फार लोकप्रिय झाली. ती लवकर येई, दाणा टपोरा असे, आणि कमी पावसात तगून जाई. पण एचबी-१ पासून एचबी-५ पर्यंत साऱ्या संकरांचे बाप वेगवेगळे असले तरी आई एकच होती : टिफ्ट २३ ए, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी तयार केलेला नरवंध्य वाण. लाखो एकरांवर पसरलेल्या बाजरीचे आजोळ एकच झाले होते.

या आजोळात एक उणीव होती. केवडा रोगाला तोंड देण्याची ताकद त्या आईत नव्हती, कारण ज्या भूमीत ती घडली तिथे या रोगाचा बाजरीला असा जाच नव्हता. केवड्याचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहतात. ओलसर हवेत रोपाची पाने पिवळी पडतात आणि पहाटे पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लव दिसते. रोप त्यातून वाचले तरी कणसात दाण्याऐवजी हिरव्या पानांचा गुंता येतो. आपल्या शेतकऱ्यांनी या रोगाला दिलेले नाव ‘गोसावी’. जटा वाढवलेल्या, संसार सोडलेल्या माणसाचे. कणीस आहे, पण त्याला प्रपंच नाही. वैज्ञानिक नावापेक्षा हे नाव मला कितीतरी अचूक वाटते.

गावरान बाजरीत गोसावी पूर्वीही दिसत असे, पण शेतात इथे एक, तिथे एक. गावरान बाजरीतले प्रत्येक ताट थोडे वेगळे असते. एकाला लागलेला रोग दुसऱ्याला लागेलच असे नाही. संकरित शेतातली सारी ताटे जुळ्या भावंडांसारखी. १९७१ च्या खरिपात तो रोग देशभर उसळला. १९७०-७१ साली देशात बाजरीचे उत्पादन सुमारे ८० लाख टनांवर, त्या वेळच्या उच्चांकावर, पोहोचले होते. पुढल्याच वर्षी ते सुमारे ५३ लाख टनांवर आले. महाराष्ट्रात त्याच्या पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. धुळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने एका वर्षी गोसावी पाहिला आणि पुढल्या वर्षी कोरडे आभाळ.

संशोधकांनी नंतर आई बदलली. १९७७ च्या सुमारास आलेली बीजे-१०४ काही वर्षे केवड्याला पुरून उरली, आणि मग १९८० च्या दशकाच्या मध्यास तीही त्याला बळी पडली. पुन्हा तेच : एक संकर फार लोकप्रिय झाला की रोगाला एकच कुलूप फोडायचे असते. याच काळात, १९८२ साली, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतून आलेला डब्ल्यूसी-सी ७५ हा वाण संकरित नव्हता, तर सुधारित होता. त्यात ताटाताटांत फरक होता, आणि त्याचे बियाणे शेतकऱ्याला काही वर्षे घरी राखता येत असे. हरितक्रांतीच्या कथनात या वाणाचा उल्लेख सहसा येत नाही.

आता भाकरीकडे. माझ्या आजीचे माहेर आणि सासर दोन्ही तापीकाठचे. पदव्युत्तर अभ्यासासाठी गावातल्या वृद्धांशी बोलताना मी तिलाही हाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, “हायब्रीडनी भाकर गोड नही लागे.” मी चवीची नोंद करून पुढे जाणार, तेवढ्यात तिने घरातल्या दोन कणग्यांची गोष्ट काढली. एकीत रब्बीची दादर, काळ्या रानात नुसत्या ओलीवर येणारी पांढरी, चमकदार ज्वारी. ती घरच्या ताटासाठी. दुसरीत खरिपाची हायब्रीड. सालदाराचे धान्य आणि मजुरांची मापे त्या दुसऱ्या कणगीतून निघत. “मापं तितलंच,” ती म्हणाली. माप तेवढेच होते, धान्य बदलले होते. मजुरीच्या कुठल्याही आकडेवारीत हा बदल दिसणार नाही, कारण पायली ती पायलीच.

हायब्रीडची भाकरी पुन्हा पुन्हा कुणी खाल्ली, हे त्या दोन कणग्यांमुळे कळते. ‘हायब्रीड’ म्हणजे अशक्त, ही समजूत शास्त्राने सिद्ध केलेली नाही. हायब्रीडच्या दाण्यात माणसाला दुबळे करणारे काही नाही. पण काळवंडलेला, चव गेलेला दाणा ज्यांच्या वाट्याला आला, त्यांच्या आठवणीतून तो शब्द आला, असे मला वाटते.

त्याच वर्षांत धुळे जिल्ह्यातल्या शहादा परिसरात भिल्ल आणि पावरा शेतमजूर संघटित होत होते. पंप, खते आणि नवे बियाणे यांनी बागायतदारांची शेती फुलत होती, आणि सालदाराचे साल मात्र जुन्याच दराने ठरत होते. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या चळवळीतून १९७२ साली श्रमिक संघटना आकाराला आली. गमावलेल्या जमिनी आणि मजुरी हे तिचे प्रश्न होते. शहादा आता १९९८ मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, म्हणून धुळ्याच्या शेतीच्या इतिहासातून हा भाग कधी कधी निसटतो. त्या चळवळीचे कारण एकटे बियाणे नव्हते. वाढलेल्या पिकाचे माप कुणाच्या पदरात किती पडले, हा प्रश्न मात्र तिने विचारला होता.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात खोल खोल जात राहिलेल्या भूजलाची गोष्ट इथे मुद्दाम घेतलेली नाही. तिला स्वतंत्र थ्रेड लागेल, आणि तिचे नायक-खलनायक वेगळे आहेत.

आज खान्देशाच्या खरिपात हायब्रीड ज्वारी शोधावी लागते. तिची जागा कपाशी आणि मक्याने घेतली. मक्याची पिशवीही संकरितच असते आणि दर जूनला नवी घ्यावी लागते. दादर अजून टिकून आहे. तापीकाठच्या काही घरांत पावसाळा संपल्यावर ती अजूनही घरी राखलेल्या कणसांतून पेरली जाते, आणि बाजारात तिचा भाव विचारला तर दुकानदार आधी विचारतो, “खायला हवी ना?”